पानी, पाणी आणि ‘उच्चारशुद्धी’चे वीस गुण

प्रश्न: मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. आमच्या तालुक्याच्या आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत परीक्षक होते. विषय होता ‘पाणी आणि आपण’. यवतमाळकडून वडिलांची बदली होऊन आलेली नववीतली एक मुलगी फार चांगली बोलली, पण सगळीकडे ‘पानी’, ‘आनि’, ‘आपन’, शिवाय ‘शाळे’ला ‘शाया’ आणि ‘काळ्या’ला ‘काया’. मी तिला दिलेले गुण: विषयाची जाण 40 पैकी 35, मांडणी 20 पैकी 16, उच्चारशुद्धी 20 पैकी 11, सादरीकरण 20 पैकी 13, एकूण 75. पहिल्या आलेल्या मुलाला 33, 16, 17, 16 असे 82. ती तिसरी आली. तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. उच्चाराचे गुण कापायला नको होते का? मग उच्चारशुद्धीत तपासायचं तरी काय?

उत्तर:

‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘य’ एवढ्यासाठीच ते गुण गेले असतील, तर कापायला नको होते. पण तुम्ही चारही रकान्यांचे आकडे दिलेत हे फार बरं केलंत, कारण माझं लक्ष उच्चारापेक्षा चौथ्या रकान्याकडे गेलं. दोघांमध्ये 7 गुणांचा फरक आहे. उच्चारात तिचे 6 कमी आहेत आणि विषयाच्या जाणेत तिचे 2 जास्त. उरलेले 3 सादरीकरणात गेले. आता कल्पना करा की उच्चाराचे गुण तुम्ही तिला पूर्ण परत दिले, म्हणजे 11 ऐवजी 17. तिचे 81 होतात आणि ती तरीही एका गुणाने मागेच राहते. म्हणून मला तुम्हाला आधी विचारावंसं वाटतं, सादरीकरणात ती नेमकी कुठे कमी पडली? आवाज पडला? हात शिवून ठेवल्यासारखे होते? मध्ये अडखळली? तुमच्या प्रश्नात तर ‘फार चांगली बोलली’ असं आहे. माझा अंदाज असा, की एकाच गोष्टीचे गुण दोनदा कापले गेले. एकदा उघडपणे, उच्चाराच्या नावाने. दुसऱ्यांदा तुमच्याही नकळत.

हे कसं घडतं ते सांगतो, पण त्याआधी त्या उच्चारांबद्दल बोलू. मी मूळचा अकोला जिल्ह्यातला. घरात ‘पानी’च होतं. पुढे ध्वनिशास्त्र शिकलो आणि गेली पंचवीसेक वर्षं शिक्षकांना, निवेदकांना आणि परीक्षकांना बोलणं ऐकायला शिकवतो. या काळात सर्वात जास्त वेळा मला ऐकावं लागलेलं वाक्य म्हणजे ‘तिकडच्या मुलांची जीभ जड असते, त्यांना ण येत नाही.’ हे साफ चुकीचं आहे. त्या मुलीला ‘थंड’ म्हणायला सांगा, ‘अंडं’ म्हणायला सांगा. ‘ड’च्या आधी जो अनुस्वार आहे त्याचा उच्चार ‘ण’ आहे, आणि तो ती तुमच्याइतकाच स्वच्छ करते. ट, ठ, ड, ढ तिच्या बोलण्यात जागच्या जागी आहेत. जीभ मागे वळवण्यात तिला काहीच अडचण नाही. फरक एवढाच, की तिच्या बोलीत दोन स्वरांच्या मध्ये किंवा शब्दाच्या शेवटी ‘न’ आणि ‘ण’ अशी दोन वेगळी घरं नाहीत, एकच आहे. वऱ्हाडीत हे नियमाने होतं. पाणी, लोणी, कोण, आपण, बहीण या सगळ्यांत ‘न’च येणार. दहा वेळा विचारा, दहाही वेळा ‘न’ येईल. जिथे इतकी शिस्त असते तिथे चूक शोधायची नसते, नियम शोधायचा असतो.

‘पण शुद्ध शब्द पाणीच ना?’ असं तुमच्या मनात येईल. या शब्दाची वंशावळ बघण्यासारखी आहे. संस्कृतात तो ‘पानीय’ आहे, म्हणजे ‘न’च. प्राकृतात आणि मराठीत येताना दोन स्वरांमधल्या एकट्या ‘न’चा ‘ण’ झाला. तसंच ‘मानुष’चं माणूस झालं, ‘भगिनी’ची बहीण झाली, ‘जन’चा जण झाला. उलट संस्कृतात जिथे जोडाक्षरात ‘ण’ होता तिथे मराठीत ‘न’ आला. ‘कर्ण’चा कान, ‘पर्ण’चं पान, ‘सुवर्ण’चं सोनं, ‘अरण्य’चं रान. आपण ‘काण’ किंवा ‘सोणं’ म्हणत नाही आणि त्याबद्दल कुणी आपले गुणही कापत नाही. महाराष्ट्री प्राकृतात तर ‘नो णः सर्वत्र’ असं सूत्रच आहे, वररुचीच्या व्याकरणातलं. म्हणजे जिथे ‘न’ असेल तिथे सगळीकडे ‘ण’. त्या सूत्राने तपासलं तर आजचं प्रमाण बोलणारी आपण सगळीच माणसं ‘नगर’ म्हणतो तिथे चुकतो. ‘ळ’चंही तसंच आहे. संस्कृत ‘फल’चं आपण फळ केलं, ‘काल’चा काळ केला. म्हणजे हा ‘ळ’ स्वतःच एका बदलातून आलेला आहे. वऱ्हाडात आणि खानदेशात तो एक पाऊल पुढे जाऊन ‘य’ झाला. किनाऱ्यावरच्या आगरी-कोळी बोलीत ‘डोला’, ‘काला’ असा ‘ल’ ऐकू येतो.

याहून जवळचा पुरावा हवा असेल तर स्पर्धेत पहिल्या आलेल्या मुलाचं बोलणं आठवा. त्याने ‘विषय’ हा शब्द कसा उच्चारला? ‘भाषा’, ‘शेष’, ‘विशेष’? मी पैजेवर सांगतो, ‘विशय’ आणि ‘भाशा’च म्हणाला असेल. ‘ष’चा खरा उच्चार जीभ मागे वळवून करायचा असतो, ‘ण’ आणि ‘ट’ जिथे होतात तिथेच. पुण्यामुंबईच्या सुशिक्षित बोलण्यातसुद्धा तो आता जवळपास उरलेला नाही. ‘श’ आणि ‘ष’ लिहिताना दोन आहेत, तोंडात एकच. ‘न’ आणि ‘ण’चं वऱ्हाडीत जे झालं, नेमकं तेच इथे झालं आहे. लिहिताना दोन अक्षरं, बोलताना एक ध्वनी. पण ‘विशय’ म्हणणाऱ्या मुलाला 17 मिळतात आणि ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलीला 11. ध्वनीच्या अंगाने या दोघांत काडीचाही फरक नाही. पहिलं मिसळणं परीक्षकांच्या स्वतःच्या तोंडात आहे, म्हणून कानाला लागत नाही. दुसरं नाही, म्हणून लागतं.

दुसरं का लागतं याचं कारण भूगोलात आणि राज्यकारभारात आहे. आज आपण जिला प्रमाण मराठी म्हणतो तिचा साचा एकोणिसाव्या शतकात घडला. मोल्सवर्थचा कोश 1831 चा, दादोबा पांडुरंगांचं व्याकरण 1836 चं. शालेय पुस्तकं याच काळात मुंबई इलाख्यात तयार होत होती, आणि त्या कामावर बसलेल्या शास्त्रीमंडळींची बोली ती मोजपट्टी झाली. त्या वेळी वऱ्हाड निजामाच्या राज्यात होतं. 1853 मध्ये ते इंग्रजांच्या कारभाराखाली आलं आणि 1903 मध्ये मध्य प्रांताला जोडलं गेलं. मराठवाडा तर 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. साचा ठरला तेव्हा हे मुलूख त्या बैठकीत नव्हतेच, इतकाच याचा अर्थ. मराठी तिथे कमी होती असा अर्थ काढायला जागा नाही. मराठीतला पहिला गद्यग्रंथ मानलं जाणारं लीळाचरित्र तेराव्या शतकात अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला लिहिलं गेलं. ज्या मुलखाच्या बोलीला आपण आज ‘अशुद्ध’ म्हणतो, मराठी गद्याची ती पहिली कर्मभूमी.

आता गुण दोनदा कसे कापले जातात त्याकडे येतो.

विषय ‘पाणी आणि आपण’. या तिन्ही शब्दांत ‘ण’ आहे. सहा-सात मिनिटांच्या भाषणात ‘पाणी’ हा शब्द तीस-चाळीस वेळा सहज येतो, ‘आणि’ त्याहून जास्त. परीक्षकाच्या कानाला पहिल्या वाक्यातच ‘पानी’ लागलं, की पुढे तो कान मोजायला लागतो. शेवटी त्याच्या मनात ठसा उरतो की या मुलीच्या शंभर चुका झाल्या. प्रत्यक्षात एकच गोष्ट शंभर वेळा ऐकू आली. दुसऱ्या एखाद्या विषयावर, समजा ‘माझा आवडता खेळ’, ती बोलली असती तर त्याच मुलीचा तोच उच्चार तुम्हाला निम्मादेखील जाणवला नसता. विषयाने तिच्यावर अन्याय केला आणि आपल्यापैकी कुणाच्या ते लक्षात आलं नाही.

आणि हा ठसा उच्चाराच्या रकान्यात थांबत नाही. माणसाच्या बोलण्यावरून आपण त्याचं शिक्षण, हुशारी, आत्मविश्वास, घरची परिस्थिती असं सगळं पटकन ठरवून टाकतो. हे तपासण्याची एक जुनी पद्धत आहे. 1960 मध्ये कॅनडात, माँट्रियल शहरात, वॉलेस लँबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती वापरली. दोन्ही भाषा उत्तम येणाऱ्या माणसांकडून एकच उतारा इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये वाचून घेतला, आणि हे वेगवेगळे लोक आहेत असं वाटेल अशा रीतीने श्रोत्यांना ऐकवला. श्रोत्यांनी त्याच माणसाला इंग्रजी बोलताना जास्त हुशार, जास्त भरवशाचा ठरवलं. मला त्यातली सगळ्यात विचार करायला लावणारी गोष्ट ही वाटते, की फ्रेंच बोलणाऱ्या श्रोत्यांनीही फ्रेंच आवाजाला कमी लेखलं.

परीक्षकांच्या प्रशिक्षणात मी हेच मराठीत करतो. अमरावतीकडचा एक रंगकर्मी आहे, त्याला दोन्ही बोलणी सारख्याच सहजतेने येतात. एकच उतारा, शेतीच्या विम्याबद्दलचा, दीड मिनिटाचा. एकदा ‘पाणी’, ‘शाळा’, एकदा ‘पानी’, ‘शाया’. शब्द तेच, वाक्यरचना तीच, वेगही तोच. मध्ये दुसऱ्या तीन-चार जणांचे आवाज घालतो, म्हणजे ओळख पटत नाही. ऐकणाऱ्यांनी प्रत्येक आवाजापुढे मनात येईल ते लिहायचं. ‘पानी’वाल्या आवाजापुढे दरवेळी साधारण सारखेच शब्द येतात. ‘प्रामाणिक’, ‘गोड’, ‘मातीतला’, आणि त्याच ओळीत ‘फार शिकलेला वाटत नाही’, ‘मुद्दा तितकासा पोचला नाही’. ‘पाणी’वाल्यापुढे ‘अभ्यासू’, ‘स्पष्ट’, ‘थोडा कोरडा’. शेवटी दोन्ही आवाज एकाच माणसाचे आहेत असं सांगतो तेव्हा खोलीत बराच वेळ कुणी बोलत नाही.

यात ‘गोड’ या शब्दाकडे दुर्लक्ष करू नका. ‘किती गोड बोलतेस गं!’ हे वऱ्हाडी किंवा मालवणी मुलीला किती तरी वेळा ऐकावं लागतं, आणि म्हणणाऱ्याच्या मनात मायाच असते. पण पाण्याच्या टंचाईवर आकडे आणि कारणं देऊन बोलणाऱ्या मुलीला गोड वाटायचं नसतं, खरं वाटायचं असतं. मालिकांमधून ही बोली वर्षानुवर्षं विनोदी गड्याच्या किंवा भाबड्या काकूच्या तोंडी दिली गेली. आपल्या कानाला तिच्याकडून हसू किंवा माया एवढंच अपेक्षित असतं. तीच बोली तर्क मांडायला लागली की कान गोंधळतो, आणि तो गोंधळ आपण ‘सादरीकरण प्रभावी नाही’ असा नोंदवतो.

फ्रेंच श्रोत्यांबद्दल जे सांगितलं ते मी स्वतः जगलो आहे. पुण्यात आल्यावर पहिल्या दोन वर्षांत मी माझा ‘न’ घासून काढला. त्यानंतर जेव्हा परीक्षक म्हणून बसू लागलो, तेव्हा वऱ्हाडातून आलेल्या मुलांना सगळ्यात कमी गुण माझ्या कागदावर असायचे. पुण्यातच वाढलेले माझे सहकारी त्यांना माझ्यापेक्षा दोन-तीन गुण जास्त देत. मी कष्ट केले, यांनी का करू नयेत, असं काहीसं आत असावं. एका मुलाने निकालानंतर मला येऊन विचारलं, ‘सर, तुम्ही कुठले?’ मी अकोल्याचा असं सांगितलं. तो काही बोलला नाही, नुसता बघत राहिला. त्या दिवशी घरी जाऊन मी माझ्या जुन्या गुणपत्रिका काढून बसलो, आणि जे दिसलं ते अजूनही मला बोचतं.

मग उच्चारात तपासायचं काय? खूप काही आहे, आणि ते बोलीपेक्षा पूर्ण वेगळं आहे. शब्दांची शेवटची अक्षरं मागच्या बाकापर्यंत पोचतात का? ‘महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांमध्ये’ असं पाठ केलेलं वाक्य घाईत बोलताना ‘म्हाराष्ट्राल्या जिल्यामदे’ असं चिरडलं जातं का? श्वास वाक्याच्या मध्येच तुटतो का? सगळं एकाच सुरात, पाढे म्हटल्यासारखं चाललं आहे का? हे दोष पुण्याच्या मुलातही असतात, यवतमाळच्या मुलीतही. त्यांचे गुण जरूर कापा, दोघांचेही.

बोली आणि अस्पष्टपणा वेगळे ओळखायची सोपी खूण म्हणजे नियमितपणा. ऐकताना खटकलेला शब्द जसाच्या तसा समासात लिहून ठेवा. भाषण संपल्यावर ती यादी बघा. ‘पानी, आनि, आपन, लोनी, शाया, काया, डोया’ अशी यादी असेल तर तिथे दोनच नियम आहेत आणि दोन्ही बोलीचे आहेत. यादी खोडून टाका. पण ‘परिस्थिती’ एकदा नीट, एकदा ‘परिस्थी’, ‘पर्यावरण’ एकदा पूर्ण आणि एकदा ‘पर्यारण’ असं अनियमित काही असेल, तर तो घाईचा किंवा सरावाच्या अभावाचा दोष आहे. दुसरी खूण अर्थाची. तिच्या ‘पानी’मुळे तुम्हाला कुठलं वाक्य कळलं नाही असं झालं का? मन आणि मण, तन आणि तण, खान आणि खाण अशा जोड्या मराठीत आहेत, पण मोजक्याच आहेत आणि वाक्यात त्यांचा घोटाळा होत नाही. ‘दोन मन ज्वारी’ ऐकून कुणाला ज्वारीचं अंतःकरण आठवत नाही.

तुमच्या गुणपत्रिकेत मी तीन बदल सुचवेन. पहिला, रकान्याचं नाव. ‘उच्चारशुद्धी’ काढून ‘उच्चाराची स्पष्टता’ असं लिहा, आणि त्या 20 गुणांचे भाग पाडा. शब्दांचे शेवट ऐकू येण्याला 8, वेग आणि विराम यांना 6, आवाजाच्या चढउताराला 6. असे भाग पाडले की हात आपोआप नेमक्या गोष्टीकडे जातो, मनात उरलेल्या ठशाकडे जात नाही. दुसरा, भरण्याचा क्रम. विषयाची जाण आणि मांडणी यांचे गुण भाषण संपल्याबरोबर टाका आणि पुन्हा त्यांना हात लावू नका. सादरीकरणाचे गुण टाकताना शेजारी चार शब्दांत कारण लिहा. कारण सुचत नसेल तर ते गुण कशाचे कापतोय हे स्वतःला विचारायची हीच वेळ. तिसरा बदल स्पर्धा सुरू होण्याआधीचा आहे. सगळ्या परीक्षकांनी मिळून वेगवेगळ्या भागांतल्या तीन-चार आवाजांची दोन-दोन मिनिटांची ध्वनिमुद्रणं ऐकायची. अनोळखी बोलीला कान फार लवकर सरावतो, एक-दोन मिनिटांतच शब्द आपले वाटायला लागतात. तो सराव पहिल्या स्पर्धकाच्या वेळेतून जाऊ नये, इतकंच.

आणखी एक सांगतो, कारण ते सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. ती मुलगी ‘मले वाटते’ म्हणाली नाही, ‘पानी संपून राहिलं’ म्हणाली नाही, ‘पाऊस येईन’ असंही म्हणाली नाही. निदान तुम्ही तसं लिहिलेलं नाही. म्हणजे घरची क्रियापदं, घरचे प्रत्यय तिने व्यासपीठासाठी बाजूला ठेवले आणि पूर्ण प्रमाण व्याकरणात भाषण बसवलं. चौदाव्या वर्षी हे काम सोपं नाही. शब्द आणि व्याकरण माणूस ठरवून बदलू शकतो. ध्वनी लहानपणी बसतात आणि बदलायला सर्वात अवघड असतात. तिच्या बोलण्यात यवतमाळचं जे काही उरलं होतं ते फक्त ध्वनींत, आणि आपण नेमके त्याचेच गुण कापले.

याला मर्यादा नाहीत असं माझं म्हणणं नाही. स्पर्धेच्या पत्रकातच ‘प्रमाण उच्चार अपेक्षित’ असं आधी छापलेलं असेल, बातम्यांच्या निवेदनाची चाचणी असेल, तर तिथे ‘ण’ मागायला हरकत नाही. पण मग ‘ष’ही मागा, आणि सगळ्यांकडून मागा. लिहिताना अर्थातच ‘पाणी’च. मराठी साहित्य महामंडळाचे 1962 चे नियम आणि 1972 ची त्यांतली भर, हे सगळे नियम लेखनाचे आहेत. तोंडाने काय म्हणावं यासाठी ते केलेले नाहीत, आणि शाळेत आपण त्या दोन गोष्टींची सतत गल्लत करतो. दुसऱ्या बाजूने, बोलीचं कौतुक म्हणून दोन गुण वाढवून देणंही मला मान्य नाही. तोही तिच्या मुद्द्यांऐवजी तिच्या गावाला दिलेला गुण झाला.

उच्चार ‘सुधारायला’ सांगितल्यावर काय होतं हेही माहीत असू द्या. ज्या मुलाच्या कानात एकच ‘न’ आहे, त्याला कुठल्या शब्दात ‘ण’ आणायचा हे ऐकून कळण्याचा मार्गच नसतो. तो घाबरून सगळीकडे ‘ण’ पेरतो. ‘आणंद’, ‘मणापासून’, ‘जीवणात’. मग वर्ग हसतो, आणि पुढच्या वर्षी तो मुलगा स्पर्धेला नाव देत नाही. ‘आणंद’ ऐकू आला की समजावं, या मुलाला कुणीतरी नियम न सांगता नुसतं टोकलं आहे.

तिला स्वतःला ‘ण’ शिकायचा असेल, आणि पुढे निवेदन किंवा नाटक करायचं असेल तर शिकायचा असू शकतो, तेव्हा ते शिकवणं अवघड नाही. ‘थंड’ म्हणायला लावा. ‘थंड’मध्ये ‘ड’च्या आधी जीभ जिथे टेकते तिथेच थांबवा आणि तिथून ‘पाणी’ म्हणायला सांगा. दोन-चार दिवसांत ध्वनी जमतो. मग शब्द राहतात. शब्दाच्या सुरुवातीला ‘ण’ येत नाही एवढं एक सांगितलं की ‘णाही’सारखे घोटाळे टळतात. क्रियापदाच्या शेवटचा ‘णे’, ‘णारा’ एकदम शिकता येतो, करणं, करणारा, जाणारा. बाकी पाणी, आणि, आपण, कोण, म्हणून, पण, कारण, माणूस असे रोजचे तीसेक शब्द यादीने. हे तिच्या बोलण्यात भर घालणारं शिक्षण आहे. घरी ती ‘पानी’ म्हणेलच आणि म्हणू द्या. तिला शिकायचं नसेल तर विषय तिथेच संपला.

निकाल आता बदलणार नाही. पण ती तुमच्याच तालुक्यात आहे, तर तिला एकदा भेटा आणि सांगा की माझ्या कागदावर विषयाच्या जाणेत तुला पहिल्या आलेल्या मुलापेक्षा दोन गुण जास्त होते. उच्चाराचे कापलेले गुण माझ्याकडून चुकीने गेले, हेही सांगितलंत तर फार बरं होईल. ‘तू छान बोलतेस, फक्त ण सांभाळ’ असं मात्र म्हणू नका, कारण तिच्या लक्षात त्यातलं दुसरंच अर्धं राहील. आणि तिला भेटायच्या आधी तुमची ती गुणपत्रिका हाती लागली, तर सादरीकरणाच्या 13 शेजारी तुम्ही त्या दिवशी काय टिपलं होतं ते एकदा वाचा.